फोटोत मजकूरच नसेल तर? मोडी कागदांच्या वाचनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या घरांतून येणारे जुन्या कागदांचे फोटो आम्ही चौघं वाचतो आणि बाळबोधीत उतरवून देतो. बहुतेक कागद मोडीतले असतात. काही फोटोंना मात्र आमच्याकडून एकाच ओळीचं उत्तर जातं: “या फोटोत वाचण्याजोगा मजकूर नाही.” ते वाचून लोक गोंधळतात, कधी रागावतात. त्यांनी वेळोवेळी फोनवर आणि प्रत्यक्ष विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एवढा जपलेला कागद पाठवला आणि उत्तर फक्त एका ओळीचं? नीट पाहिलात तरी का?

पाहिला. उलट मजकूर असलेल्या कागदापेक्षा नसलेल्या कागदावर आमचा वेळ जास्त जातो. अक्षर सापडलं की वाचायला सुरुवात करता येते, पण अक्षर नाही असं म्हणायला कागदाचा कोपरा न् कोपरा पाहावा लागतो. उत्तर लहान असतं, कारण सांगण्यासारखं तेवढंच असतं. ते लांबवायचं म्हटलं तर काहीतरी रचून घालावं लागेल.

“मजकूर नाही” आणि “वाचता येत नाही” यात फरक काय? आम्हाला तर दोन्ही सारखंच.

सारखं नाही. आमची उत्तरं तीन प्रकारची असतात आणि ती एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आम्ही शब्द ठरवून घेतले आहेत.

“मजकूर आहे, पण वाचता येत नाही” असं कळवलं तर त्याचा अर्थ कागदावर शाईचे फराटे आहेत, ते हाताने लिहिलेले आहेत हे आम्हाला दिसतंय, पण अक्षरं लागत नाहीत. असा कागद दुसऱ्या जाणकाराला दाखवण्यात अर्थ आहे. “फोटोवरून ठरवता येत नाही” म्हणजे दोष फोटोचा आहे. कागदाबद्दल आम्ही काहीच बोललेलो नाही, पुन्हा फोटो पाठवा. आणि “मजकूर नाही” म्हणजे चांगल्या फोटोत, नेहमीच्या उजेडात, लिखाणाची एकही खूण आम्हाला दिसली नाही.

तिसरं उत्तर द्यायला आम्ही सगळ्यात जास्त कचरतो. फोटो अपुरा असताना ते देणं म्हणजे एक प्रकारे मजकूर रचण्याइतकंच चूक. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल खात्रीने बोलणं दोन्हीकडे आहेच.

पण आमच्या फोटोत ओळी स्पष्ट दिसतात! सात ओळी आहेत, मोजल्या आम्ही.

हा प्रश्न राजापूरकडच्या एका घरातून आला होता. तो कागद आमच्या चांगला लक्षात आहे, म्हणून सगळी हकीकत सांगतो.

पहिला फोटो व्हॉट्सॲपवरून आला. १६०० बाय १२०० पिक्सेलचा. कागद सारवलेल्या जमिनीवर ठेवून उभ्याने काढलेला, त्यामुळे फोटोच्या अर्ध्या भागात जमीनच. कागदाची लांबी ३४ सेंटिमीटर, आणि ती फोटोत ८०० पिक्सेलमध्ये बसलेली. म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण २३ पिक्सेल. मोडी अक्षराचं अंग ४ मिलिमीटर धरलं तर त्याच्या वाट्याला जेमतेम नऊ पिक्सेल आले. नऊ पिक्सेलमध्ये ‘क’ आणि डाग यांत फरक करता येत नाही. आमचा ढोबळ नियम असा की अक्षराला वीसच्या खाली पिक्सेल असतील तर मत द्यायचं नाही. म्हणून पहिलं उत्तर गेलं: फोटोवरून ठरवता येत नाही. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो आकसणार नाही.

दुसरा फोटो उत्तम होता. ४००० पिक्सेलच्या लांबीत कागद काठोकाठ बसवलेला, म्हणजे सेंटिमीटरला साधारण ११७ पिक्सेल. आता अक्षराला चाळीसहून जास्त मिळत होते. आणि खरंच, सात आडव्या तपकिरी रेघा दिसत होत्या. रेघांना खाली लोंबणारे लहान-मोठे आकार. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदभर शिरोरेघा ओढून घेई आणि मग त्यांना टांगल्यासारखी अक्षरं लिहीत जाई, हे ज्याला माहीत आहे त्याचं मन लगेच इथे “ओळी” म्हणणार. आमच्यातल्या एकाने पहिल्या रेघेत ‘राजश्री’ वाचलंसुद्धा.

मग आम्ही रेघांमधलं अंतर मोजलं. सगळीकडे सव्वाचार सेंटिमीटर, अगदी एकसारखं. हाताने लिहिलेल्या ओळी इतक्या सारख्या नसतात, आणि ४ मिलिमीटरच्या अक्षरासाठी कोणी एवढी जागा सोडत नाही. ३४ ला ८ ने भागा, सव्वाचार येतात. कागद मधोमध दुमडा, पुन्हा दुमडा, पुन्हा एकदा दुमडा: तीन घड्या, आठ पदर आणि उलगडल्यावर घडीच्या सात खुणा. त्या सात ओळी म्हणजे घडीच्या याच सात खुणा होत्या. घडीत कागदाचे तंतू तुटलेले असतात, तिथेच ओल आधी शिरते आणि वाळताना तपकिरी रेघ सोडून जाते.

लोंबणारे आकार उरले. ते प्रत्येक घडीच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे उलटसुलट येत होते. वरच्या पदरावर जो आकार उजवीकडे, तोच घडीच्या खालच्या बाजूला पालथा. कोणताही कारकून असं लिहीत नाही, पण घडी घातलेल्या कागदात शिरलेली कसर नेमकं असंच खाते, कारण ती एका वेळी अनेक पदर कुरतडते.

तरी एक खात्री बाकी होती. घरच्यांना सांगितलं, कागद पडवीतल्या खिडकीच्या काचेशी धरा आणि उजेड मागून येऊ देऊन फोटो काढा. शाई असेल तर ती उजेड अडवते, मागून उजेड आला तरी काळीच दिसते. या फोटोत सगळे आकार भोवतालच्या कागदापेक्षा उजळ निघाले. तिथे कागद पातळ झालेला होता, म्हणजे खाल्लेला होता. तेव्हा कुठे उत्तर गेलं: मजकूर नाही.

शाई पुसट झाली असेल, पूर्ण गेली नसेल. ते कसं ओळखता?

आपल्याकडची जुनी काळी शाई बहुधा काजळी आणि डिंकाची. काजळी म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन, ती उन्हाने विटत नाही. फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांत वेगळा करून पाहता येतो, साध्या चित्र-संपादकातही ती सोय असते. काजळीची शाई तिन्हींत काळी राहते. ओलीचा, चहाचा, गंजाचा डाग निळ्यात गडद दिसतो आणि लाल रंगात जवळपास नाहीसा होतो. राजापूरच्या त्या कागदावरच्या सातही रेघा लाल रंगात विरघळून गेल्या होत्या.

ही कसोटी सगळीकडे चालत नाही. इंग्रजी अमदानीत लोहयुक्त शाई आली. ती नवी असताना काळसर आणि जुनी झाली की तपकिरी होते, म्हणजे तीही लाल रंगात फिकी पडते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा कागद असेल तर आम्ही केवळ रंगावरून निकाल देत नाही. कडा पाहतो. बोरू असो की टाक, फराट्याला सुरुवात आणि शेवट असतो, वळणावर जाडी बदलते. ओलीच्या डागाला एक गडद काठ असतो आणि आत तो फिका असतो. हा काठ एकदा ओळखता आला की पुन्हा फसायला होत नाही.

काजळीचा एक दुबळेपणा आहे, आणि कोकणात तो फार नडतो. ती कागदात मुरत नाही, डिंकाच्या आधाराने वर बसलेली असते. कौल फुटून आषाढभर माळ्यावर पाणी ठिबकलं तर डिंक सुटतो आणि शाई वाहून जाते. मग राखाडी ओघळ उरतात. त्या ओघळांवरून इथे एकेकाळी लिखाण होतं इतकं म्हणता येतं. काय लिहिलं होतं ते नाही.

अक्षरं आहेत, पण कुठल्याच लिपीत बसत नाहीत. गुप्त लिपी असेल का?

आधी फोटो आडवा उलटा करून पाहा, आरशात दिसतो तसा. पातळ कागदावर मागच्या बाजूची शाई पुढे उमटते आणि ती उलटी दिसते. दुमडून ठेवलेल्या कागदात समोरच्या पानाचा ठसाही असाच उमटतो. तुम्ही कागदाच्या कोऱ्या पाठीचा फोटो पाठवला असण्याची शक्यता गुप्त लिपीपेक्षा कैक पटींनी जास्त आहे. पालथा करून दुसरी बाजू पाठवा.

मोडी पत्राचा मायना ठरलेलाच असतो. तेवढा तरी अंदाजाने लिहून द्या ना.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक वेळा थोडीफार मोडी शिकलेले असतात. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. वर मधोमध ‘श्री’ असणार. बरोबरीच्या माणसाला लिहिलेलं पत्र असेल तर “अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री” असणार, पुढे “गोसावी यांसि”, मग “विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहित जावे, विशेष”. खत असेल तर “लिहून दिले ऐसे जे” येणारच. समोरचं पान पूर्ण कोरं असलं तरी मी हे सगळं डोळे मिटून लिहू शकतो, आणि पत्र खरोखर तिथे असतं तर ते बऱ्यापैकी बरोबरही निघालं असतं.

पण कागद तुम्हाला कशासाठी हवा आहे? पत्र कोणी कोणाला लिहिलं, कोणत्या साली, जमिनीच्या पूर्वेस कोणाचं आगर आणि पश्चिमेस कोणता पऱ्या, रुपये किती. यातलं एकही मायन्यावरून सांगता येत नाही. जे अंदाजाने लिहिता येतं त्यातून तुम्हाला काही कळत नाही आणि जे कळायला हवं ते अंदाजाने लिहिता येत नाही. मग मायना लिहून साधलं काय? एवढंच की कागद ‘वाचलेला’ दिसू लागला.

तिथून पुढची घसरण आम्ही पाहिलेली आहे. पहिला माणूस अंदाज कंसात लिहितो. दुसरा टंकताना कंस गाळतो. तिसऱ्याला ‘राजश्री’ नंतरची जागा मोकळी टोचते, म्हणून तो घराण्यातलं एक नाव तिथे बसवतो. चौथा त्या नावाच्या आधाराने वंशावळ काढतो. यातल्या कोणीच मुद्दाम खोटं केलेलं नसतं.

कोकणात जमिनीच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, पण खोताकडचे आणि कुळाकडचे कागद आजही घराघरांत आहेत आणि वहिवाटीची भांडणंही आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने समिती नेमली, तेव्हापासून जुन्या मोडी कागदांकडे लोक आणखी आशेने पाहू लागले. अमुक एक शब्द निघावा अशी इच्छा मनात धरून कागद पुढे येतो. ती इच्छा स्वाभाविक आहे, पण ती आम्हाला आधी सांगू नका. खरंच, नका सांगू. शब्द एकदा कानावर पडला की डागातही तो दिसायला लागतो. त्या ‘राजश्री’सारखाच.

मग तुमचे डोळे फसत नाहीत हे कशावरून?

फसतात. म्हणून शंकेचा फोटो आम्ही चौघांपैकी तिघांना वेगवेगळा देतो. कुठून आला, कोणाचा, कशासाठी, काहीच न सांगता. एकमेकांशी बोलायचं नाही. प्रत्येकाने कुठे अक्षर दिसतं तिथे फोटोवर चौकोन काढायचा आणि मग वाचन लिहायचं. चौकोन आधी, वाचन नंतर. खरं लिखाण असेल तर वाचनात मतभेद होतात, पण चौकोन बहुतेक जुळतात. अक्षर ‘न’ की ‘त’ यावर वाद होईल, ते तिथे आहे यावर होणार नाही. मजकूर नसेल तेव्हा चौकोनच तीन ठिकाणी पडतात.

दुसरी युक्ती याहून साधी. फोटो १८० अंशांत फिरवून तोच खेळ पुन्हा करायचा. उलट्या फोटोतही कोणी तितक्याच आत्मविश्वासाने वाचू लागला, तर तो कागद वाचत नसून स्वतःच्या मनातलं वाचतो आहे. हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

मोबाइलवरच्या किंवा संगणकावरच्या अक्षर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने तर चार ओळी काढून दिल्या. त्या कुठून आल्या?

डागांतून. टेसेरॅक्ट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आम्हीही छापील देवनागरीसाठी वापरतो, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. असा प्रोग्रॅम आधी फोटो निव्वळ काळ्या-पांढऱ्यात करतो. कुठल्या तरी पातळीच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. फोटोत लिखाण नसलं तरी ही विभागणी होतेच. मग डाग, घडी, कागदाच्या साच्यातल्या काड्यांचे ठसे यांतलं जे जरा गडद ते काळं होतं आणि पुढच्या पायरीला अक्षर म्हणून हजर होतं. तिथे प्रश्न “हे अक्षर आहे का?” असा नसतो. “हे कुठलं अक्षर?” असा असतो.

त्यात तुम्ही प्रोग्रॅमला आधीच सांगून ठेवलं असेल की समोर मजकुराचा एक सलग ठोकळा आहे, तर तो ओळी शोधणारच. खालच्या आज्ञेतला `--psm 6` नेमकं तेच सांगतो:

```
tesseract kagad.png out -l mar --psm 6 tsv
```

`--psm 6` काढून नेहमीच्या पद्धतीने चालवलं तर कोऱ्या पानावर कधी कधी `Empty page!!` असा प्रामाणिक शेरा मिळतो. वरच्या आज्ञेने `out.tsv` नावाची फाइल तयार होते. तिच्यात प्रत्येक शब्दापुढे `conf` या रकान्यात ० ते १०० मध्ये भरवशाचा आकडा असतो (-१ दिसलं तर ती ओळ शब्दाची नसून मांडणीची असते). डागांतून काढलेल्या ‘शब्दां’चे आकडे बहुधा पडलेले आणि वेडेवाकडे दिसतात. पण आकडा मोठा आला म्हणून मजकूर खरा, असंही मानू नका. तो आकडा प्रोग्रॅमचं स्वतःबद्दलचं मत आहे.

आणि मुळात `mar` ही तयारी देवनागरीची आहे. मोडीला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २०१४ साली. या प्रोग्रॅमच्या अधिकृत भाषांच्या यादीत मोडी नाही. मोडी कागद त्याला दिला तरी तो देवनागरीच ‘वाचणार’. त्या चार ओळी आम्हाला पाठवू नका, कागदाचाच फोटो पाठवा.

सड्यावरच्या दगडावर लिहिलेलं आहे, त्याचा फोटो पाठवला तर वाचाल?

पाठवा, पण आधी दगड कोणता ते बघा. जांभ्याला मुळातच भोकं असतात, मधाच्या पोळ्यासारखी. पावसाने ती मोठी होतात, एकमेकांना मिळतात, आणि कलत्या उन्हात त्यांच्या सावल्या थेट अक्षरांसारख्या दिसतात. बारीक अक्षर कोरायला जांभा फारसा उपयोगाचा नाही. म्हणूनच जांभ्याच्या बांधकामातही लेख असला तर तो बहुधा बसवलेल्या काळ्या दगडावर मिळतो. नुसत्या जांभ्याच्या चिऱ्यावर ‘ओळी’ दिसल्या तर आमचा पहिला संशय पावसावर असतो.

कातळशिल्पांचे फोटो हा वेगळा प्रकार. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी इथली चित्रं माणसानेच कोरलेली आहेत यात शंका नाही. २०२२ साली कोकणातली ही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. पण हत्ती, मासे, माणसं, भौमितिक आकृत्या म्हणजे लिपी नव्हे. त्या फोटोंना आम्ही उत्तर देतो: कोरीव आकृत्या आहेत, मजकूर नाही. एकदा एका मुलाने चौकटीतल्या नागमोडी रेघांचं ‘भाषांतर’ मागितलं होतं. त्याला रेघांचं जमेल तेवढं वर्णन लिहून दिलं, भाषांतर दिलं नाही. तो नाराज झाला. असो.

दगडाचा फोटो काढायचा तर सकाळी सातच्या आसपास किंवा संध्याकाळी, ऊन बाजूने येत असताना काढा, म्हणजे खोदलेला भाग सावलीने उठून दिसतो. दुपारी बाराचा फोटो काही कामाचा नाही. अक्षरं उठावीत म्हणून खडू, हळद, तेल, रांगोळी काही भरू नका. एक तर दगड खराब होतो, शिवाय तुम्हाला जे अक्षर वाटलं तेच तुम्ही रंगवता. मग आम्ही दगड वाचत नाही, तुमचा खडू वाचतो.

आमच्या सासऱ्यांनी काय रिकामा कागद जपून ठेवला होता?

गुहागरकडच्या एका आजींनी हे इतकं दुखावून विचारलं की त्यांना फोनवर सांगण्यापेक्षा आम्ही घरीच गेलो. “तुम्ही शिकलेली माणसं हो,” त्या म्हणाल्या, “पण मामंजी काय वेडे होते काय?”

वेडे नव्हते. हातकागद स्वस्त नव्हता. जुन्नर, दौलताबाद इथून कागद घाटावरून खाली यायचा, तो कोणी फेकत नसे. पत्र पानाच्या वरच्या भागात संपलं तर खालचा कोरा भाग फाडून ठेवत. दस्तांच्या रुमालाला, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला, वरून-खालून एकेक कोरं पान लावत, आतल्या कागदांना धूळ लागू नये म्हणून. आजींच्या घरी ते पान एका रुमालातच होतं. कडा चुलीच्या धुराने काळ्या, मध्यभाग स्वच्छ. आणि त्याच्या खाली अकरा कागद होते, त्यांचे फोटो कोणी काढलेच नव्हते, कारण नातवाने वरचं पान सगळ्यात जुनं दिसतं म्हणून तेवढंच पाठवलं. त्या अकरांपैकी नऊ नीट वाचता आले.

तेव्हा कोरं पान निघालं तर ते कशाच्या वर होतं ते आधी पाहा.

दुसऱ्या एका वाचकाने याच फोटोवरून पूर्ण पत्र वाचून दिलं. आता कोणाचं खरं मानू?

त्यांच्याकडून एकच गोष्ट मागा: फोटोवर प्रत्येक ओळीची जागा दाखवा. ओळ पहिली इथून इथपर्यंत, ओळ दुसरी इथे. वाचन खरं असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि तसं असेल तर आम्ही चुकलो हे मान्य करून नोंद बदलू. जागा दाखवता येत नसेल तर काय समजायचं ते तुम्ही ठरवा. आम्ही त्या वाचकाबद्दल काही बोलणार नाही.

नोंदवहीत तुम्ही हे कसं लिहिता?

१९३१ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे प्राचीन लेख वाचणाऱ्या अभ्यासकांनी खुणांची एक पद्धत ठरवली, तीच थोडी सोपी करून आम्ही वापरतो. चौकोनी कंसात अक्षरं म्हणजे कागद फाटलेला आहे आणि अक्षरं आम्ही भरली. चौकोनी कंसात नुसते ठिपके म्हणजे गेलेलं आहे आणि भरता येत नाही. अक्षराखाली ठिपका म्हणजे अक्षर दिसतं, पण खात्री नाही. आणि जिथे मुळात लिहिलंच नव्हतं त्या जागेला ‘कोरे’ असा शब्द. लायडनवाले तिथे लॅटिनमध्ये `vacat` लिहितात.

संगणकातल्या प्रतीत हा फरक असा दिसतो:

```
<gap reason="illegible" quantity="3" unit="line"/>
<space quantity="3" unit="line"/>
```

पहिली ओळ म्हणते की तीन ओळी लिहिलेल्या आहेत, वाचता येत नाहीत. दुसरी म्हणते की तीन ओळींची जागा मोकळी सोडलेली आहे. दोन्हींत बाळबोध अक्षर एकही नाही, पण पन्नास वर्षांनी कोणी चांगलं उपकरण घेऊन आलं तर कुठे शोधायचं ते त्याला पहिल्या ओळीवरून कळेल.

तुमच्या हातून कधी नसलेलं लिहिलं गेलं का?

गेलं. सुरुवातीच्या काळात एका पानाच्या माथ्यावर मी ‘श्री’ लिहून दिला. तिथे लालसर खूण होती, जागा बरोबर मधोमध, आणि ‘श्री’ नसलेलं पान मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढे घरच्यांनी कागद प्रत्यक्ष आणला तेव्हा कळलं की पान उलटं धरून फोटो काढला होता. माझा माथा म्हणजे पानाचा तळ होता आणि खूण कुंकवाच्या बोटाची होती. दसऱ्याला पूजेत ठेवत असत तो कागद. एका अक्षराचीच गोष्ट, पण त्यांच्या घरी माझं वाचन टंकून चौकटीत लावलेलं होतं, ‘श्री’सकट. ते काढून घ्या म्हणायला मला जावं लागलं.

वाचनाचे पैसे? मजकूर नसला तरी द्यायचे?

आम्ही घेत नाही. जे घेतात त्यांनी पाहण्याचे घ्यावेत, ओळींवर दर लावू नये असं आम्हाला वाटतं. ओळीमागे पैसे ठरले की ओळी वाढतात.

मग आता हा कागद टाकून देऊ?

नका टाकू. आमचं उत्तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापुरतं आहे. काजळीची पुसट शाई अवरक्त प्रकाशात काढलेल्या फोटोत कधी कधी उठून येते. विटलेली लोहयुक्त शाई अतिनील दिव्याखाली दिसू शकते, कारण कागद मंद चमकतो आणि शाईची जागा काळी राहते. पाण्याने वाहून गेलेली शाई मात्र दोन्हींत सापडण्याची आशा कमी. ही सोय फोनच्या कॅमेऱ्यात नसते, अभिलेखागारांच्या जतनशाळांत असते.

तोवर कागद पुसू नका, इस्त्री करू नका, ओलसर वाटला म्हणून कडक उन्हात टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, आपल्याकडच्या हवेत आत बुरशी धरते. धुतलेल्या, स्टार्च नसलेल्या सुती कापडात गुंडाळून घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी ठेवा आणि सोबत एक चिठ्ठी ठेवा: कागद कुठे सापडला, कशाच्या वर किंवा खाली होता, आणि अमुक तारखेला पाहिला तेव्हा मजकूर दिसला नाही. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पावसात पेनाची शाई पसरते.